आजीने मारलेली हाक

चि. सोपान यास,

आजोबांचा आशीर्वाद. काल तुझं बारसं झालं. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि तू या सगळ्या गोंधळात ढिम्म झोपून होतास. नाव तुझं आणि कौतुक आत्याचं, असा तो सोहळा असतो.

हे पत्र लिहायचं ठरलं ते तुझ्या आईमुळे. मी नाव सुचवलं तेव्हा ती बाजेवर तुला मांडीवर घेऊन बसली होती आणि तुझा बाप मोबाईलमधली नावं वाचून दाखवत होता. रियांश, अद्विक, असली काहीतरी. मी म्हणालो, "माझं एक मागणं आहे. पोराचं नाव सोपान ठेवा."

"आप्पा, आता कोण ठेवतं हे नाव?" तुझा बाप म्हणाला. "शाळेत पोरं चिडवतील त्याला."

"तुला उमेश म्हणून कमी चिडवलं का? पाचवीतून रडत आला होतास."

तुझी आई हसली. मग म्हणाली, "सोपान म्हणजे पायऱ्या ना? जिना. अर्थ छान आहे." ती कॉलेजात मराठी शिकवते, तिला शब्द लगेच सापडतो. पण माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं असावं की मी पायऱ्यांबद्दल बोलत नाही. ती म्हणाली, "ठेवू आपण. पण का ठेवलं ते तुम्ही त्याला लिहून द्यायचं. उद्या त्याने विचारलं तर मी काय सांगू?"

तुझी आजी तेव्हा दारात शेंगा निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला आणि उठून गोठ्यात निघून गेली. मी मागे गेलो. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. मी विचारलं, "ठेवू ना?"

"ठेवा काय ठेवायचं ते," ती म्हणाली. "मी हाक मारायची न्हाई."

तुला हे अजून ठाऊक नाही, पण या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझी आजी कुणालाच नावाने हाक मारत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यात नवल नाही. पण तिने पोटच्या पोरांनाही कधी नावाने बोलावलं नाही. तुझा बाप तिचा 'लेकरा', तुझी आत्या 'बये', तुझी आई 'पोरी'. म्हशीलासुद्धा नाव नाही. तुझा बाप लहानपणी झाडावर लपून बसायचा आणि आजी खालून "लेकरा, आरं लेकरा" करत फिरायची. एकदा तो म्हणाला, "नाव घेतल्याशिवाय उतरणार नाही." ती झाडाखाली बसून राहिली, संध्याकाळपर्यंत. शेवटी तोच उतरला.

तर आता ऐक.

तेव्हा मी चोवीस-पंचवीसचा होतो आणि विहिरी खोदायच्या टोळीत होतो. दौलू मेस्त्रीची टोळी. माणदेशात गावोगाव फिरायचं, माळावर पालं टाकायची आणि खडक फोडत खाली जायचं. गडी खाली उतरत, त्यांच्या बायका वर घमेली वाहत. विहिरीच्या काठावर यारी उभी केलेली असायची. म्हणजे इंजिनावर चालणारी, तारेच्या दोराची क्रेन. दोराला लोखंडाची मोठी पाटी. त्या पाटीतून दगड वर जायचा आणि त्याच पाटीत बसून आम्ही खाली जायचो.

माझा जोडीदार सोपान. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, आणि भारी बडबड्या. त्याच्या आईने पोरांची नावं ओळीने ठेवली होती. थोरला निवृत्ती, मधला ज्ञानू, धाकटा हा. तो म्हणायचा, "मुक्ताई व्हायची राहिली आन् आमच्या आईचं गणित चुकलं." आळंदीच्या भावंडांत सोपान कसा गप्प गप्प असतो, कुणाच्या ध्यानातही येत नाही, आमचा सोपान मात्र खालून बोलायला लागला की यारीवरचा गडी इंजिन बंद करून ऐकत बसायचा. खडकाला पहार लावायच्या आधी तो दगडावर टिचकी मारून कान लावायचा. भरीव वाजला तर धरलेला आहे, पोकळ वाजला तर सुटलेला. मला ते त्यानेच शिकवलं. माझ्या अंगावर पहिल्या वर्षी दगड आला नाही, तो त्याच्यामुळे.

त्याची बायको हौसा. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी म्हणायची. दुपारी ती पाटीतून दोघांची भाकरी खाली सोडायची आणि वरून ओरडायची, "अवं, भाकरी आली." सोपान मला डोळा मारायचा आणि वर ओरडायचा, "कुणाची?" ती म्हणायची, "भावजींची आन् तुमची." "तुमची म्हंजे कुणाची? नाव सांग, मगच घेतो!" काठावरच्या सगळ्या बायका हसायच्या. हौसा पदर तोंडात धरून पळायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, पण हा खेळ रोज चालायचा. तिने नाव कधी घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा "यांचं नाव घेते" म्हणून पुढे लाजून थांबली होती, असं तो सांगायचा.

नाव का घ्यायचं नाही, हे टोळीतल्या ठकूबाईला पक्कं ठाऊक होतं. ठकूबाई म्हणजे मेस्त्रीची मावशी, सगळ्या बायकांवर तिचा वचक. ती म्हणायची, "धन्याचं नाव जिभेवर आलं की त्याचं आयुक्ष झिजतं. येकदा घेतलं, येक दिस गेला. जिवावर बेतल्याली येळ आसंल तर सगळंच जातं." बायका मान हलवायच्या. सोपान म्हणायचा, "मावशे, तुझा म्हातारा ऐंशीला गेला की. म्हंजे तू तरी कितीदा घेतलंस?" ठकूबाई शिव्या घालायची.

त्या दिवशी आम्ही सकाळी उतरलो. आदल्या संध्याकाळी सुरुंगाचे बार उडवले होते. बार उडाल्यावर दगड खिळखिळे होतात, ते सकाळी पहारेने पाडून गोळा करायचे, हे आमचं काम. या विहिरीला खाली काळा खडक होता, पण वरच्या अंगाला मुरमाचा जाड थर होता आणि त्याला अजून बांधकाम नव्हतं. मालक म्हणत होता, आधी पाणी लागू दे, मग बांधू. बहुतेक मालक असंच म्हणतात. बारांच्या हादऱ्याने पश्चिमेकडचा मुरूम सुटला होता, आणि तो वरून दिसत नव्हता.

सोपानने एका मोठ्या धोंड्यावर टिचकी मारली. कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हादू, बाजूला..."

पुढचं मला आवाजातच आठवतं. आधी खडे सांडल्यासारखं झालं, आणि मग सगळी भिंत बसली.

मी भानावर आलो तेव्हा तोंडात माती होती. धुळीत काही दिसत नव्हतं. कमरेपर्यंत मोकळा होतो, पण उजवा पाय धोंड्याखाली अडकला होता. दुखतही नव्हता, नुसता जड झाला होता. तो धोंडा आडवा पडला होता आणि त्याच्या पलीकडे मातीचा ढीग. सोपान त्या पलीकडे होता. मी हाका मारल्या. "सोपान! सोपानदा!" काही नाही.

वरून मेस्त्रीचा आवाज आला. "खाली कोन हाय? कोन बोलतंय?"

"मी म्हादू! पाय अडकलाय. सोपान पलीकडं हाय, दिसत न्हाई."

"बोलतोय का?"

"न्हाई."

मेस्त्री पाटीतून अर्ध्यावर उतरला, लटकत राहिला आणि बॅटरी मारली. तो पंधरा वर्षं विहिरी खोदत होता, त्याला एका नजरेत कळलं. पश्चिमेचा उरलेला मुरूम अजून वर टांगून होता, कधीही यायचा. वेळ नव्हता. त्याने सोपानच्या नावाने तीन-चार हाका मारल्या. थांबला. परत मारल्या. उत्तर नाही. मग तो वर बघून ओरडला, "साखळी सोडा! धोंड्याला साखळी घालून यारीनं वडायचा. म्हादूचा पाय तरी सुटंल."

साखळीने ओढायचा म्हणजे धोंडा पलीकडच्या अंगाला उलटणार. पलीकडे सोपान होता. मेस्त्रीच्या हिशेबात तो गेलेला होता. मेस्त्रीला मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. एक तरी जगवायचा, एवढंच त्याच्या हातात होतं.

तेवढ्यात वरून हौसाचा आवाज आला. "साखळी लावू नगा. ते जित्ते हायती."

"कशावरून?"

"हायती."

"पोरी, मी हाका मारून दमलो. ओ देत न्हाई त्यो."

"माझी ऐकतील." आणि ती काठावर पालथी पडून ओरडली, "अवं! अवं, ऐकलं का!"

माझ्या शेजारी कुठेतरी खडे घरंगळले. बाकी काही नाही.

"अवं! अवं!"

मेस्त्री म्हणाला, "आगं, अवं काय? त्यो शुद्धीत न्हाई. नावानं हाक मार. झोपलेला मानूसबी सोताच्या नावाला उठतो."

यारीचं इंजिन तेवढं धडधडत होतं. आणि मग मला ठकूबाई ऐकू आली. "हौसे, घिऊ नगंस. या येळंला घेतलंस तर हाय ते सगळं जाईल. आयुक्ष तुझ्या जिभंवर हाय, गिळ ते."

मी खाली पडून हे ऐकत होतो. माझा पाय तिच्या जिभेवर होता, सोपानचा जीव तिच्या जिभेवर होता, आणि ती गप्प होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. मी ओरडलो, "वहिनी, घ्या की नाव! काय हुतंय त्यानं?" ती रडत होती, ते मला एवढ्या खाली ऐकू आलं. मेस्त्री म्हणाला, "साखळी आली. बाजूला सरा."

साखळीची कडी धोंड्यावर आपटली तेव्हा तिने हाक मारली.

"सोपान!"

बायको नवऱ्याला मारते तशी ती हाक नव्हतीच. पोराला आईने रानातून मारावी तशी होती. विहिरीत ती घुमली, भिंतीभिंतीवरून खाली आली. दुसऱ्यांदाही तिने तेच नाव घेतलं. "सोपान! ओ द्या मला!"

आणि धोंड्याच्या पलीकडून आवाज आला. "ओ."

बारीक, मातीतून आलेला. मग तो खोकला. मग म्हणाला, "कोन... हौसा? नाव घेतलंस व्हय माझं?" त्या अवस्थेतही तो हसला असं मला वाटतं, शपथ घेऊन सांगू शकत नाही.

"सोपानदा!" मी ओरडलो. "साखळी लावत्यात!"

"नगा," तो म्हणाला. आता त्याचा आवाज कामाचा झाला होता, पण एकेका शब्दाला श्वास घेत होता. "मेस्त्री. साखळी नगा. धोंडा माझ्या छातीवर टेकलाय. त्याच्या पाठीमागं मुरूम हाय. मला हातानं कळतंय, सुटलाय सगळा. धोंडा हलला की मुरूम म्हादूवर येतोय. दोघंबी जाऊ. हातानं काढा. म्हादूच्या अंगानं, खालनं."

मेस्त्रीने साखळी वर पाठवली. दोन गडी उतरले. घमेल्याने, हाताने, नखाने माझ्या पायाखालची माती काढायला लागले. त्याला फार वेळ लागला. धोंडा जागचा हलू द्यायचा नव्हता म्हणून त्याखाली लाकडाचे ठोकळे सारत गेले. सोपान सांगत होता, "डावीकडं नगा जाऊ. तिथं पोकळ हाय." दिसत नव्हतं, तरी त्याला ऐकू येत होतं. वरून हौसा दर थोड्या वेळाने हाक मारत होती. आता ठकूबाईसुद्धा अडवत नव्हती. "सोपान!" "ओ." "सोपान!" "हाय, हाय." सहा वर्षांच्या राहिलेल्या हाका ती एकदम मारत होती.

मला काढलं. पाटीत घालताना मी पलीकडे हात घातला. त्याची बोटं माझ्या हाताला लागली. गार होती. तो म्हणाला, "भाकरी खाऊन घे. माझी वाट बघू नगंस."

मला वर आणलं तेव्हा ठोकळ्यांवर धोंडा धरून त्याची बाजू मोकळी करायला लागले होते. मी काठावर पडून होतो, हौसा माझ्या शेजारी पालथी होती. तिने हाक मारली. तो म्हणाला, "ओ." तिने परत मारली. या वेळी ओ उशिराने आली. तिसऱ्यांदा आलीच नाही. ती मारत राहिली. धोंडा बाजूला करून त्याला पाटीत घालेपर्यंत ती मारत होती. पाटी वर आली तेव्हा तिच्या तोंडात तेच नाव होतं.

छाती चेंबली होती. डॉक्टर पुढे म्हणाले, तो इतका वेळ बोलला कसा हेच नवल.

पण ठकूबाई डॉक्टर नव्हती. तिने हौसाच्या बांगड्या दगडावर फोडताना सगळ्यांदेखत म्हटलं, "सांगितलं हुतं. आयुक्ष हुतं त्याला, नाव घेऊन संपिवलंस." हौसाने मान वर केली नाही. मी लंगडत पुढे गेलो आणि म्हणालो, "तिनं नाव घेतलं म्हणून मी हाय." कुणी ऐकलं नाही. हौसानेही ऐकलं नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडातून कुणाचं नाव निघालं नाही.

आता तुला कळलं असेल, बाळा. दोन वर्षांनी आमचा पाट लागला. आमच्यात पाटाचं, म्हणजे विधवेचं दुसरं, लग्न चालतं, पण त्याला वाजंत्री नाही की हळद नाही. सवाष्णींनी बघायचंही नसतं. हौसा म्हणजे तुझी आजी. तुझ्या बापाला एवढंच माहीत होतं की आईचं आधी एक लग्न झालं होतं. माणसाचं नाव माहीत नव्हतं, कारण ते सांगायचं तिने, आणि तिचं तोंड बंद होतं. मीही कधी घेतलं नाही. तिच्यासमोर ते नाव घ्यायचं म्हणजे धोंडा हलवण्यासारखं वाटायचं, आणि मागचा मुरूम किती सुटलाय ते मला कधी नीट कळलं नाही.

चाळीसच्या वर वर्षं ती माझ्याबरोबर राहिली. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, "पेशंटचं नाव काय?" तिने तुझ्या आत्याकडे बोट केलं, ही सांगेल म्हणून. तिचा पक्का समज आहे की ती ज्याचं नाव घेईल तो जातो. मी समजावलं, भांडलो, एकदा रागाच्या भरात म्हणालो, "मग घे की माझं, सुटेन तरी." ती दोन दिवस जेवली नाही. पुन्हा तो विषय काढला नाही.

तू झालास आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी सत्तरीला आलो, ती पासष्टची. त्या माणसाचं नाव तिच्या तोंडात अडकून राहिलं तर ती तशीच जाईल. म्हणून तुझ्या गळ्यात हे नाव घातलं. तुझ्या आईला सांग, अर्थ पायऱ्या असेल तर असो. आजीने त्या दिवशी ते नाव घेतलं नसतं तर साखळी ओढली गेली असती. मी नसतो, तुझा बाप नसता, तू नसतास. तुझ्या नावाचा अर्थ तो आहे. ते नाव जीव घेणारं नाही. ते ज्याने ऐकलं त्याने मरता मरता दुसऱ्याला काढलं.

काल दुपारी पाहुणे गेले. तुझी आई आत पडली होती, मी ओसरीवर सुपारी कातरत होतो. आजी दाराच्या आतच पाळण्याची दोरी ओढत बसली होती. मग दोरीची करकर थांबली.

"सोपान," ती म्हणाली.

अगदी हळू. मी अडकित्ता हातात धरून तसाच बसलो, मान वळवायचीही हिंमत झाली नाही. तू झोपला होतास, कसला हुंकार देणार. मग ती उठल्याचं ऐकू आलं, आणि मी वळून पाहिलं. ती पाळण्यावर वाकली होती आणि तिने तळहात तुझ्या नाकाखाली धरला होता. किती तरी वेळ ती तशीच वाकून उभी होती. तो हात तुझ्या तोंडाला लागू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

मग ती खाली बसली, दोरी हातात घेतली आणि परत म्हणाली, "सोपान." पुन्हा उठली, पुन्हा हात धरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिचं हेच चाललं होतं. मी आत गेलो नाही.

तू वाचायला शिकशील तेव्हा मी असेन नसेन. बाकी काही लक्षात ठेवलं नाहीस तरी चालेल, हे एक ठेव. आजीने हाक मारली की खेळात असशील, जेवत असशील, भांडत असशील, असशील तिथून लगेच ओ द्यायची. तिला दुसऱ्यांदा हाक मारायला लावायची नाही.

तुझा आजोबा,
महादू